उकडलेल्या अंड्यातील प्रथिने : सालासकट वजनावरून गणित

कोंबडीच्या अंड्याचे साल न काढता वजन करून त्यातील प्रथिनांचा अंदाज घेताना सालाचे वजन आधी वजा करावे लागते. कारण आहारतक्त्यांतला प्रथिनांचा आकडा खाण्याजोग्या भागाच्या 100 ग्रॅमला दिलेला असतो, तर काट्यावर ठेवलेल्या अंड्यात सालही धरलेले असते. ही वजाबाकी विसरणे हीच या हिशेबातली नेहमीची चूक.

साल मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते. आतून त्याला चिकटलेला पातळ पापुद्रा प्रथिनांचाच असला, तरी तो सालाबरोबर सोलून फेकला जातो, म्हणून त्याला हिशेबात घेत नाहीत. साल आणि पापुद्रा मिळून अंड्याच्या वजनाचा साधारण 11 ते 12 टक्के भाग होतो. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात उकडलेल्या अंड्याच्या खाण्याजोग्या भागात 100 ग्रॅमला सुमारे 12.6 ग्रॅम प्रथिने दिली आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या भारतीय तक्त्यांत हा आकडा 13 ग्रॅमच्या थोडा वर आहे. साल वजा जाता उरलेल्या 0.88 ला अमेरिकी तक्त्याच्या 0.126 ने गुणले की 0.111 येते. म्हणजे सालासकट वजनाला 9 ने भागले की प्रथिने ग्रॅममध्ये मिळतात. भारतीय तक्ता धरला तर भाजक साडेआठच्या आसपास येतो. कोणताही तक्ता घ्यावा, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच ठेवावा.

एकाच अंड्यावर हे करून पाहण्यात अर्थ नाही. घरगुती वजनकाटा बहुधा एक ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो आणि एका अंड्याचे साल जेमतेम सहा-सात ग्रॅमचे असते. तिथे एक ग्रॅमची चूक झाली तरी सालाचा वाटा कितीतरी बदलतो. त्यापेक्षा दहा अंडी एकदम घ्यावीत. समजा, ती कच्ची असताना 550 ग्रॅम भरली. उकडून, गार करून, फडक्याने पुसल्यावर 548 ग्रॅम झाली. सगळी साले एका वाटीत जमा केली, त्यांना लागलेले पाणी झटकून टिपून घेतले आणि त्यांचे वजन 63 ग्रॅम आले. खाण्याजोगा भाग उरला 485 ग्रॅम. त्याला 0.126 ने गुणले की 61 ग्रॅम प्रथिने, म्हणजे अंड्यामागे 6.1. तिकडे 550 ला 9 ने भागले तरी 61 च येतात. साल न वजा करता 550 लाच 0.126 ने गुणले असते, तर 69 ग्रॅम आले असते. दहा अंड्यांत आठ ग्रॅम जास्त, म्हणजे जवळजवळ सव्वा अंड्याइतकी प्रथिने फक्त कागदावर.

सालाचे वजन अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले, तर वाटीतली साले उलटी करून पाहावीत. अगदी ताजे अंडे नीट सोलले जात नाही. त्याच्या पांढऱ्या भागाचा सामू कमी असतो, त्यामुळे तो पापुद्र्याला धरून राहतो आणि सालाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. खाल्ले न गेलेले हे पांढरे सालातच गेले असे समजावे. अशा वेळी सोललेले अंडेच थेट तोलणे सर्वांत खरे. उकडताना साल तडकून पांढरे पाण्यात बाहेर आले असेल, तरीही हाच मार्ग.

जुन्या अंड्याची गोष्ट उलटी आहे. सालाच्या बारीक छिद्रांतून पाणी उडून जाते, प्रथिने मात्र आतच राहतात. 58 ग्रॅमचे अंडे ठेवून ठेवून 56 ग्रॅम झाले, तर 9 ने भागून 6.2 येतील, प्रत्यक्षात त्यात ताजेपणी असलेले 6.4 ग्रॅमच आहेत. असे अंडे सोलल्यावर बोथट टोकाशी मोठा खळगा दिसतो. तिथे हवेची पोकळी वाढलेली असते.

उकडल्याने प्रथिनांचे वजन बदलत नाही, फक्त त्यांची घडण बदलून ती घट्ट होतात. म्हणून कच्चे असतानाचे सालासकट वजनही या गणिताला चालते.

‘एका अंड्यात सहा ग्रॅम’ हे ठोकताळ्याचे वाक्य सुमारे 54 ग्रॅमच्या अंड्याला लागू पडते. गावरान कोंबडीचे 42 ग्रॅमचे अंडे घेतले, तर हाती 4.7 ग्रॅमच येतात. आजारपणातून उठलेल्या माणसासाठी दिवसाची प्रथिने मोजून दिली जात असतील, तर तीन गावरान अंड्यांना 18 नव्हे, 14 ग्रॅम धरावेत.

बलक बाजूला काढून फक्त पांढरे खाणाऱ्यांना हा भागाकार उपयोगी नाही. 50 ग्रॅम खाण्याजोग्या भागात साधारण 33 ग्रॅम पांढरे आणि 17 ग्रॅम बलक असतो. पांढऱ्यात 100 ग्रॅमला सुमारे 11 ग्रॅम प्रथिने, तर बलकात सुमारे 16. म्हणजे पांढऱ्यातून 3.6 ग्रॅम मिळतात आणि 2.7 ग्रॅम बलकाबरोबर ताटाबाहेर जातात.