क्यूबेकचा पूल : कोणत्याच कामाला न बांधलेले प्रश्न

आजच्या व्याख्यानाचा विषय एका पुलाचा आहे, पण आपण पुलापेक्षा एका यादीबद्दल जास्त बोलणार आहोत. ही यादी त्या पुलावर कुणी ठेवलीच नव्हती. कुठल्याही मोठ्या कामात काही गोष्टी आपण धरून चालतो, आणि काही प्रश्नांची उत्तरं अजून मिळालेली नसतात. ही गृहीतं आणि हे प्रश्न एका जागी लिहून ठेवावेत, असं हल्ली प्रकल्प चालवणारे सगळेच सांगतात. पण नुसतं लिहून भागत नाही. प्रत्येक ओळ एखाद्या कामाला बांधलेली असावी लागते. का, ते क्यूबेकच्या पुलाच्या गोष्टीतून फार स्वच्छ दिसतं.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्यूबेक शहराजवळ रेल्वेचा पूल बांधायचा होता. लोखंडी काम अमेरिकेतल्या फिनिक्स ब्रिज कंपनीकडे होतं. सल्लागार अभियंता होते न्यूयॉर्कचे थिओडोर कूपर, त्या काळातले पुलांच्या क्षेत्रातले फार मोठे नाव. २९ ऑगस्ट १९०७ रोजी संध्याकाळी, दिवसाचं काम संपता संपता, पुलाचा दक्षिणेकडचा अर्धा बांधलेला सांगाडा काही सेकंदांत कोसळला. पुलावर ८६ माणसं होती, त्यांतली ७५ गेली. त्यात काहनावाके या गावचे मोहॉक कामगार तिसाहून अधिक होते. एका छोट्या वस्तीतून एका संध्याकाळी एवढी माणसं गेली.

आता मागे जाऊ. पुलाच्या मधल्या गाळ्याची लांबी सुरुवातीला १६०० फूट ठरली होती. १९०० साली कूपर यांनी ती १८०० फूट करावी असं सुचवलं. कारण समजण्यासारखं होतं. नदीतले खांब काठाकडे सरकले की पाणी कमी खोल, बर्फाचा त्रास कमी आणि पायाचं काम लवकर. सूचना मान्य झाली.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, सगळी कथा तिच्यावर उभी आहे. पुलावर दोन तऱ्हेचं ओझं असतं. एक आगगाडीचं, वाऱ्याचं, बर्फाचं. दुसरं पुलाचं स्वतःचं. एवढ्या मोठ्या पुलात दुसरंच ओझं मुख्य. आणि गंमत अशी, की पुलाचं वजन किती हे कळल्याशिवाय त्याचे भाग किती जाड हवेत ते ठरत नाही, आणि भाग किती जाड हे ठरल्याशिवाय वजन कळत नाही. यातून सुटायचा मार्ग एकच. आधी एक वजन धरायचं, त्यावर आराखडा करायचा, मग त्या आराखड्याचं खरं वजन मोजायचं आणि धरलेल्या आकड्याशी ताडून बघायचं. फरक मोठा असेल तर परत पहिल्यापासून. म्हणजे वजन धरून चालणं ही चूक नव्हतीच, त्याशिवाय काम सुरूच होत नाही. त्या आकड्याकडे परत यायचं होतं, आणि कधी यायचं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

गाळा २०० फुटांनी वाढला, तेव्हा धरलेलं वजन नव्यानं काढायला हवं होतं. तसं झालं नाही. का झालं नाही? पुढची तीन वर्षं कंपनीकडे पैसाच नव्हता. पैसे मिळायची खात्री नसताना तपशीलवार गणितं करायला फिनिक्स कंपनी तयार नव्हती. १९०३ साली कॅनडा सरकारनं हमी दिली, पैसा आला, आणि लगेच घाई सुरू झाली. नकाशे कारखान्यात हवे, कारखान्यातून भाग जागेवर हवे. तीन वर्षं वेळ होता तेव्हा पैसे नव्हते. पैसे आले तेव्हा वेळ उरला नाही. जुनं वजन तसंच गणितात राहिलं. ते गृहीत आहे हेही हळूहळू विसरलं गेलं आणि तो निश्चित आकडा होऊन बसला.

तो आकडा होता ६ कोटी २० लाख पौंड. खरं वजन निघालं सुमारे ७ कोटी ३० लाख पौंड. म्हणजे जवळजवळ १८ टक्के जास्त.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं? फेब्रुवारी १९०६ मध्ये. कारखान्यात तयार भागांची पाहणी करणाऱ्या निरीक्षकानं कळवलं, की भाग अंदाजापेक्षा जड भरताहेत. कूपर यांनी गणित केलं. पुलाच्या भागांवरचा ताण ७ ते १० टक्क्यांनी जास्त येणार होता. मुळात त्यांनी मान्य केलेले ताण त्या काळच्या प्रथेपेक्षा चढेच होते. पण एव्हाना दक्षिण बाजूचा मोठा भाग कारखान्यात तयार झाला होता, त्यातला काही जागेवर चढलाही होता. मागे फिरायचं म्हणजे ते सगळं मोडीत काढायचं. कूपर यांनी वाढीव ताण चालेल असं ठरवलं आणि काम पुढे गेलं.

इथे जरा थांबू. प्रश्न वर आला होता की नाही? आला होता. त्याचं उत्तरही दिलं गेलं. पण तो अशा वेळी आला, जेव्हा एकच उत्तर परवडण्यासारखं होतं. हाच प्रश्न १९०३ साली, पहिला नकाशा कारखान्यात जायच्या आधी आला असता, तर त्याची किंमत काही महिन्यांची आकडेमोड एवढीच होती. प्रश्न तोच राहतो, पण त्याच्यावर अवलंबून असलेलं एकेक काम पुरं होत जातं, तशी त्याची किंमत चढत जाते. म्हणून यादीत प्रश्नापुढे नुसती तारीख घालून उपयोग नाही. तारीख कामावरून काढायची. हे उत्तर नसताना कोणतं पहिलं काम सुरू करता येणार नाही, हे विचारायचं. ते काम ज्या दिवशी सुरू व्हायचं, त्याच्या आधीचा दिवस ही त्या प्रश्नाची मुदत.

समजा, १९०० साली अशी यादी असती. आपण तीनच ओळी फळ्यावर लिहू.

पहिली ओळ, गृहीत : पुलाचं वजन ६ कोटी २० लाख पौंड. जबाबदारी : फिनिक्स कंपनीचा आराखडा विभाग. बांधलेलं काम : पहिला नकाशा कारखान्यात पाठवणं. खोटं ठरलं तर : सर्व मुख्य भाग पुन्हा आखावे लागतील. आणि एक महत्त्वाचा शेरा : गाळ्याची लांबी बदलली तर ही ओळ आपोआप पुन्हा उघडेल.

दुसरी ओळ, गृहीत : दाब घेणारे मोठे खालचे भाग पुरेसे बळकट आहेत. हे भाग एकसंध नव्हते. उभ्या पोलादी पाट्या शेजारी शेजारी ठेवून त्या तिरप्या पट्ट्यांनी आणि रिव्हेटांनी एकत्र बांधलेल्या होत्या. एवढ्या आकाराच्या भागाची चाचणी कुणी घेतलेली नव्हती. बांधलेलं काम : हे भाग कारखान्यात बनवायला घेणं. नमुना करून दाबून बघितल्याशिवाय ही ओळ बंद करायची नाही.

तिसरी ओळ १९०७ च्या ऑगस्टमधली, आणि ती प्रश्न आहे : खालचे काही भाग वाकलेले दिसताहेत, ते बसवण्याआधीच वाकलेले होते की बसवल्यावर वाकले?

या तिसऱ्या ओळीकडे नीट बघा. कूपर यांचा जागेवरचा माणूस नॉर्मन मॅक्लूअर ऑगस्टच्या सुरुवातीपासून वाकलेल्या भागांची पत्रं पाठवत होता. कूपर विचारत होते, हे कसं झालं? फिनिक्स कंपनीचं म्हणणं, भाग कारखान्यातूनच तसे आले. मॅक्लूअरला ते पटत नव्हतं. तीन आठवडे पत्रापत्री चालली. आणि या तीन आठवड्यांत पुलावर रोज नवं पोलाद चढत होतं! भाग ओझ्यानं वाकत असतील, तर आणखी ओझं घालणं हेच एक काम या उत्तरासाठी थांबायला हवं होतं. प्रश्न टपालात होता आणि काम पुलावर. दोघांना बांधणारा दोर नव्हता.

२७ ऑगस्टला एका भागाचं वाकणं मोजलं, ते सव्वादोन इंच भरलं. आठवड्यापूर्वी ते पाऊण इंच होतं. आता वादाला जागा उरली नव्हती, कारण कारखान्यात वाकलेला भाग जागेवर बसून आणखी वाकत नाही. मॅक्लूअर स्वतः न्यूयॉर्कला निघाला. २९ तारखेला दुपारी कूपर यांनी तार केली की ओझं वाढवू नका. पण ती गेली फिनिक्स कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या कचेरीत, क्यूबेकला नाही. तिथे संध्याकाळी बैठक झाली आणि सकाळी बघू असं ठरलं. त्याच सुमारास पूल पडला.

नंतर सरकारी चौकशी आयोगानं सांगितलं, की दक्षिण खांबाजवळचे हे दाब घेणारे भागच आधी निकामी झाले, त्यांची रचना कमकुवत होती. म्हणजे आपली दुसरी ओळ. आणि वजनाची चूक एवढी मोठी होती, की हे भाग बळकट असते तरी पूल नापास करावा लागला असता. म्हणजे पहिली ओळ. तिन्ही गोष्टी कुणाला ना कुणाला ठाऊक होत्या, हे लक्षात ठेवा.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आलाय : अशी यादी ठेवली तर काम सतत थांबणार नाही का?

थांबेल, जर सगळंच यादीत घातलं तर. तीनशे ओळींची यादी कुणी वाचत नाही. म्हणून कसोटी अशी : ही ओळ खोटी निघाली तर केलेलं काम मोडावं लागेल का? नाही म्हणत असाल तर ती ओळ नको. आणि यादी जिवंत आहे की मेली, हे ओळखायच्या खुणा आहेत. ज्या ओळीपुढे कामच नाही, ती मेलेली. मुदत टळली तरी काम चालू राहिलं, तर यादी फक्त भिंतीवर आहे. आणि ‘चालेल’ एवढ्यावर बंद झालेली ओळ सर्वांत वाईट. कूपर यांनी १९०६ साली वजनाची ओळ तशीच बंद केली होती. गणित त्यांनी केलं होतं, पण उत्तर आधी झालेल्या कामानं ठरवलं होतं. शिवाय त्यांचं उत्तर तपासणारं दुसरं कुणी नव्हतं. तसा प्रयत्न सरकारी रेल्वे खात्याकडून १९०३ साली झाला होता, तो त्यांनीच मान्य होऊ दिला नाही.

यादीनं उत्तर मिळत नाही. ती एवढंच करते, की उत्तर नसेल तर पुढचं पोलाद चढत नाही. क्यूबेकला २९ ऑगस्टच्या सकाळी तेवढंच हवं होतं.