समान अंतराच्या खुणा : चलकुंडल मापकाची जन्मकथा

अर्धापूरच्या केळीच्या बागेत विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर असतो आणि त्याच्या पेटीवर बहुधा एक काटा असलेला अँमीटर असतो. त्याची तबकडी नीट पाहिली, तर सुरुवातीच्या खुणा एकमेकींना चिकटलेल्या आणि पुढच्या खुणा लांब लांब दिसतात. आता शाळेच्या प्रयोगशाळेतील गॅल्व्हनोमीटर पाहावा. त्यात शून्य मध्यभागी असून दोन्ही बाजूंच्या खुणा अगदी समान अंतरावर असतात. दोन्ही उपकरणे वीजच मोजतात. मग हा फरक का? त्याचे उत्तर शोधताना शंभर वर्षांहून जुना इतिहास उलगडतो.

१८२० साली डेन्मार्कच्या ऑर्स्टेडला दिसले की विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. त्यावरूनच पहिली मापके तयार झाली. त्यांत तारेचे वेटोळे स्थिर असे आणि मध्ये टांगलेली चुंबकसुई फिरे. सुईला मागे खेचण्याचे काम पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र करी. परंतु हे क्षेत्र फार दुर्बल आहे. आपल्या भागात त्याचा आडवा घटक सुमारे ०.००००४ टेस्ला इतकाच भरतो. त्यामुळे जवळ लोखंड असले किंवा दुसऱ्या तारेतून प्रवाह वाहू लागला, की सुई भलतेच सांगू लागे.

टांगलेल्या सुईचा हा नाजूकपणा किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जाताना काही अंशी जमिनीत झिरपतो, आणि तेवढ्यानेही वेधशाळेचे टांगलेले चुंबक हलले असते. साठ वर्षांहून अधिक काळाची अखंड नोंद धोक्यात आली. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडण्यात आली. १९०७ मध्ये मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागल्या.

वेधशाळेला पृथ्वीचेच क्षेत्र मोजायचे होते, म्हणून तिला गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्यांना केवळ विद्युतप्रवाह मोजायचा होता, त्यांच्यासाठी मात्र दुसरी वाट निघाली होती. ती वाट म्हणजे रचना उलटी करणे : चुंबक मोठा करून स्थिर ठेवायचा आणि हलके वेटोळे फिरू द्यायचे. पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ दार्सोन्व्हाल यांनी देप्रे यांच्यासह १८८२ मध्ये असे मापक पुढे आणले. चुंबकाच्या फटीतले क्षेत्र ०.२ टेस्ला धरले, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या पाच हजार पट होते. मग बाहेरच्या किरकोळ क्षेत्राची काय मातब्बरी!

आता हे वेटोळे फिरते कसे ते पाहू. आयताकृती चौकटीवर तारेचे १०० फेरे गुंडाळले आहेत असे समजा. चौकटीची उंची २ सेंटिमीटर आणि रुंदी १.५ सेंटिमीटर आहे. चौकट ०.२ टेस्लाच्या एकसमान क्षेत्रात अशी उभी आहे की तिचे पातळ क्षेत्राला समांतर आहे. तारेतून १ मिलिअँपिअर प्रवाह सोडला. दोन्ही उभ्या बाजूंत प्रवाह उलट दिशांनी वाहतो, म्हणून एका बाजूवर पुढे ढकलणारे आणि दुसरीवर मागे ढकलणारे बल येते. प्रत्येक बल १०० × ०.२ × ०.००१ × ०.०२, म्हणजे ०.०००४ न्यूटन. तांदळाच्या दोन दाण्यांच्या वजनाएवढेच ते आहे! आडव्या बाजूंवर या स्थितीत बल येत नाही. चौकट वळल्यावर येते तेही आसाच्याच दिशेने आणि परस्परविरुद्ध, म्हणून ते तिला फिरवू शकत नाही.

ही दोन समान व विरुद्ध बले १.५ सेंटिमीटर अंतरावर असल्याने त्यांचे बलयुग्म होते. त्याचे परिबल, म्हणजे फिरविण्याचा जोर, ०.०००४ × ०.०१५ = ०.०००००६ न्यूटन-मीटर. हेच सूत्ररूपाने असे :

τ = N B I A

येथे N म्हणजे फेरे, B म्हणजे क्षेत्र, I म्हणजे प्रवाह आणि A म्हणजे चौकटीचे क्षेत्रफळ. या जोराला अडविणारी एक बारीक स्प्रिंग असते. ती जितकी पिळावी तितकी अधिक ओढ देते. आपली स्प्रिंग प्रत्येक अंशाला ०.००००००१ न्यूटन-मीटर ओढ देते असे धरले, तर काटा ६० अंशांवर थांबायला हवा.

परंतु तो तेथे थांबत नाही! चौकट वळू लागली की दोन बलांमधील लंब अंतर कमी होते, आणि परिबल θ अंशांच्या वळणाला NBIA cosθ एवढेच उरते. हिशेब केला, तर १ मिलिअँपिअरला काटा सुमारे ४३½ अंशांवर थांबतो, आणि अर्ध्या मिलिअँपिअरला सुमारे २७ अंशांवर. म्हणजे पहिल्या अर्ध्या प्रवाहाला २७ अंश मिळाले आणि दुसऱ्या अर्ध्याला जेमतेम १६½. खुणा पुढे पुढे दाटत जाणार.

यावरचा उपाय विलक्षण सोपा आहे. चुंबकाचे ध्रुव आतून गोलाकार कोरायचे आणि चौकटीच्या मध्ये मऊ लोखंडाचा दंडगोल स्थिर बसवायचा. मग अरुंद फटीत क्षेत्ररेषा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे केंद्राकडे रोखलेल्या राहतात. यालाच अरीय क्षेत्र म्हणतात. चौकट फटीत कितीही वळली तरी तिचे पातळ तेथील रेषांना समांतरच असते. cosθ सूत्रातून गळतो, १ मिलिअँपिअरला ६० अंश आणि अर्ध्याला ३० अंश मिळतात. समान खुणांचे रहस्य हेच. १८८८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी या रचनेला टिकाऊ चुंबक व प्रवाहही वाहून नेणाऱ्या स्प्रिंगा जोडल्या आणि हातात धरून नेता येईल असे मापक दिले. शाळेतील गॅल्व्हनोमीटर त्याच घराण्यातला आहे.

या उपकरणाचे दोष ओळखण्याच्या खुणाही या सूत्रातच आहेत. प्रवाह नसताना काटा शून्यावर नसेल, तर स्प्रिंग सरकली आहे. शून्य बरोबर, पण सर्वत्र सारख्याच प्रमाणात कमी दाखवत असेल, तर चुंबक क्षीण झाला, म्हणजे B घटला असा संशय घ्यावा. एखाद्याच जागी काटा अडकत असेल, तर फटीत लोखंडाचा कण शिरला असावा.

आणि बागेतील अँमीटर? घरोघरी व शेतावर येणारी वीज दर सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. प्रवाह उलटला की परिबलही उलटते. जड काट्याला तेवढ्या वेगाने पाठलाग करता येत नाही, म्हणून चलकुंडल मापकाचा काटा शून्याजवळ नुसता थरथरतो आणि प्रवाह मोठा असला तर वेटोळे जळतेही. स्टार्टरच्या पेटीत म्हणून हलत्या लोखंडाचे मापक बसवतात. त्यात जोर प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, दिशा उलटली तरी तो उलटत नाही, आणि सुरुवातीच्या खुणा दाटतात. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अनोळखी मापक हाती आले, तर जोडणी करण्यापूर्वी त्याच्या खुणांमधील अंतर पाहा. आत काय फिरते आहे, याचा पहिला अंदाज तबकडीच देते.