वैद्यकीय-न्यायिक अहवाल, रस्ते अपघातातील जखमींचा

रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला तपासणाऱ्या डॉक्टरने पोलीस तपास आणि न्यायालय यांच्यासाठी लिहिलेला दस्तऐवज. रुग्णालयात याला सरसकट ‘एमएलसी’ म्हणतात, तर पोलिसांच्या तोंडी ‘इंजुरी सर्टिफिकेट’ किंवा ‘दुखापत प्रमाणपत्र’ असते. त्यात तीन प्रकारची विधाने येतात: डॉक्टरला कोणी सांगितलेले, डॉक्टरने स्वतः पाहिलेले आणि पाहिलेल्यावरून त्याने काढलेले अनुमान. ही तिन्ही एकमेकांत मिसळू न देणे, हे या लेखनाचे मुख्य कौशल्य. उलटतपासात गडबडणारे बहुतेक अहवाल नेमके इथेच घसरलेले असतात.

खंडाळ्याच्या घाटात हा भेद विशेष जाणवतो. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि द्रुतगती मार्ग इथे एकमेकांच्या अगदी जवळून जातात, काही अंतर त्यांची वाहतूक एकत्रही येते. घाटमाथ्यावरचा खंडाळा पुणे जिल्ह्यात, तर पायथ्याची खोपोली रायगड जिल्ह्यात आहे. घाटात पडलेला माणूस १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून वर लोणावळ्याला किंवा खाली खोपोलीला नेला जातो आणि गंभीर असेल तर पुढे पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा पुण्याच्या ससूनमध्ये. अपघात कुठे झाला, कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत झाला, हे पहिल्या डॉक्टरला ठाऊक नसते आणि ते ठरवणे त्याचे कामही नाही.

हकिकतीची ओळ. उपचार आधी आणि कागद नंतर, हा क्रम परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ठरवून दिला. पोलिसांची यादी हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. रुग्ण स्थिरावला की नाव, वय, अंगावरच्या दोन ओळखखुणा, कोणी आणले, तपासणीची तारीख आणि वेळ लिहायची. पोलीस सोबत असेल तर त्याचा बक्कल नंबरही नोंदवायचा. मग येते ती हकिकत. ‘ट्रकने मागून धडक दिली’ असे लिहिले, तर ते डॉक्टरचे विधान होते, आणि डॉक्टर तर घटनास्थळी नव्हताच. ‘रुग्णाने सांगितल्यानुसार, दुचाकीवरून खोपोलीकडे जात असताना ट्रकने मागून धडक दिली’ असे लिहिले की तेच वाक्य सांगणाऱ्याच्या नावावर राहते. रुग्ण बेशुद्ध असेल, तर सांगणाऱ्याचे नाव, त्याचे रुग्णाशी नाते आणि त्याने अपघात स्वतः पाहिला की ऐकला, हेही हवे.

सांगितलेली गोष्ट विसंगत वाटली तरी ती दुरुस्त करू नये. दुचाकीस्वार ‘एक्सप्रेसवेवर पडलो’ म्हणतो. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, हे माहीत असलेल्या डॉक्टरने परस्पर ‘जुन्या हायवेवर’ असे लिहिले, तर फिर्याद आणि अहवाल यांच्यात विसंगती येते आणि ती पुढे विमा कंपनीच्या वकिलाच्या हाती लागते. हेल्मेटचेही तसेच. रुग्ण हेल्मेटशिवाय आला म्हणून ‘हेल्मेट घातले नव्हते’ असे लिहिता येत नाही. ‘तपासणीवेळी हेल्मेट डोक्यावर वा सोबत नव्हते’ एवढेच डॉक्टरने पाहिलेले असते, कारण ते रस्त्याकडेला कोणी काढून ठेवलेले असू शकते. नुकसानभरपाईच्या दाव्यात या एका वाक्यावरून जखमीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा मुद्दा उभा राहतो.

जखमांचे वर्णन. प्रत्येक जखमेला क्रमांक देऊन तिचा प्रकार, लांबी-रुंदी-खोली, शरीरावरची नेमकी जागा, कडा, रंग आणि जखमेत अडकलेले परके पदार्थ लिहायचे असतात. माप सेंटीमीटरमध्ये आणि जागा एखाद्या हाडाच्या ठळक खुणेपासून मोजून. ‘डाव्या हाताला बरेच खरचटले आहे’ हे वाक्य दोन वर्षांनी कोर्टात कोणाच्याच उपयोगाचे नसते.

नमुन्यादाखल एक कल्पित प्रकरण घेऊ. सुमारे ३२ वर्षांचा दुचाकीस्वार रात्री पावणेबारा वाजता खंडाळ्याजवळून आणला गेला. त्याच्या जखमांची नोंद अशी होईल:

‘१. खरचटलेली जखम, १२ × ५ सेंमी, डाव्या हाताच्या मागील-बाहेरील बाजूस, कोपराच्या टोकाखाली ४ सेंमीपासून मनगटाकडे पसरलेली. समांतर ओरखडे, सुटलेली त्वचा मनगटाकडील टोकाला गोळा झालेली. रंग लाल, पृष्ठभाग ओलसर, खपली नाही. काळी खडी रुतलेली.

२. फाटलेली जखम, ३ × ०.५ सेंमी, हाडापर्यंत खोल, डाव्या भुवईच्या बाहेरील टोकावर. कडा अनियमित व मुका मार लागलेल्या; तळाशी दोन्ही कडांना जोडणारे ऊतींचे धागे; केसांची मुळे चेंगरलेली. रक्तस्राव चालू.

३. डाव्या पायाच्या नळीच्या मधल्या भागात सूज, दाबल्यास वेदना, आकार वाकडा. त्वचा अखंड. क्ष-किरण तपासणी सुचवली.’

पहिल्या नोंदीत सुटलेली त्वचा कोणत्या टोकाला साचली आहे, याला महत्त्व आहे. रस्त्यावर घासताना त्वचेचा थर सुरुवातीच्या टोकाला सुटतो आणि शेवटच्या टोकाला गोळा होतो, त्यामुळे घासण्याची दिशा कळते. खपली नसणे म्हणजे जखम ताजी. साधारण बारा ते चोवीस तासांत खपली धरू लागते, म्हणून आदल्या दिवशीच्या भांडणातला ओरखडा अपघाताच्या नावावर खपवायचा झाला तर तो इथे उघडा पडतो.

दुसरी नोंद जास्त निसरडी आहे. भुवई, टाळू आणि नडगी इथे त्वचेखाली लगेच हाड असते. बोथट आघाताने तिथली त्वचा सुरीने कापल्यासारखी सरळ उलते. घाईत ‘कापलेली जखम’ असे लिहिले गेले, तर अहवाल धारदार शस्त्राकडे बोट दाखवतो आणि अपघाताच्या गुन्ह्यात मारहाणीची शंका शिरते. भिंगातून पाहिल्यावर चेंगरलेली केसांची मुळे आणि तळाशी न तुटलेले धागे दिसले की जखम फाटलेली ठरते, कारण शस्त्राने हे दोन्ही साफ कापले जातात. तिसऱ्या नोंदीत ‘अस्थिभंग’ हा शब्द मुद्दाम नाही. तो फिल्म पाहिल्यावरच लिहायचा, फिल्मचा क्रमांक आणि तारीख यांच्यासह.

पादचारी असेल तर पायावरच्या जखमेची टाचेपासूनची उंचीही मोजावी. वाहनाच्या बंपरच्या उंचीशी तिची तुलना तपास अंमलदार करू शकतो. जोरात ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली जाते, त्यामुळे जखम बंपरच्या एरवीच्या उंचीपेक्षा थोडी खाली असू शकते. कपड्यांवरचे ग्रीस वा रंगाचे कण नोंदवून कपडे सीलबंद करून द्यावेत. जखमीला बदलायला कपडे देताना जुने कचऱ्यात जाणे ही नेहमीची चूक आहे.

मत. मत तीन प्रश्नांवर मागितले जाते: जखम कशाने झाली, केव्हाची आहे आणि साधी की गंभीर. कशाने, याचे उत्तर ‘कठीण व बोथट वस्तूच्या किंवा पृष्ठभागाच्या आघाताने, दिलेल्या हकिकतीशी सुसंगत’ इथे थांबते. सुसंगत म्हणजे तसे घडले असणे शक्य आहे, एवढेच. वाहन कोणते होते, वेग किती होता, चूक कोणाची होती, हे जखमेवरून सांगता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार डॉक्टर तज्ज्ञ म्हणून ग्राह्य असतो तो त्याच्या विषयापुरता.

साधी की गंभीर, हे वॉर्डातल्या बोलण्यावरून ठरत नाही. डॉक्टर एरवी ज्याला किरकोळ म्हणेल असा करंगळीच्या हाडाचा तडा कायद्याने गंभीर दुखापत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत आणि सातवा प्रकार हाड वा दात मोडणे किंवा निखळणे हा आहे. म्हणून मतासोबत कलम आणि प्रकाराचा क्रमांक लिहिलेला बरा. आठव्या प्रकारात जिवाला धोका किंवा ठरावीक दिवस तीव्र वेदना वा नेहमीची कामे करता न येणे येते. जुन्या दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये ही मुदत वीस दिवस होती, नव्या संहितेत ती पंधरा आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या अपघाताला जुनीच मुदत लागते, आणि छापील फॉर्म जुने असल्यामुळे इथे गोंधळ होतो. रुग्ण पंधरा दिवस खाटेवर होता एवढ्याने हा प्रकार सिद्ध होत नाही. तो काय करू शकत नव्हता हे लिहावे लागते. ‘जिवाला धोका’ लिहिताना तर कारण हवेच: पोटात किती रक्त साचले होते, रक्तदाब किती होता, कोणती शस्त्रक्रिया लागली.

वरच्या प्रकरणात पहिल्या रात्रीचे योग्य मत असे: ‘जखम क्र. १ साधी. क्र. २ व ३ बाबत मत राखून ठेवले आहे.’ पुढे पिंपरीच्या फिल्ममध्ये नळीचे हाड मोडल्याचे दिसले, की क्र. ३ गंभीर, कलम ११६, प्रकार सातवा. क्र. २ चा प्रश्न वेगळा आहे. चेहऱ्याचे कायमचे विद्रूपण हा सहावा प्रकार, आणि भुवईवर राहणारा व्रण त्यात बसतो का, हे जखम भरून आल्यावरच सांगता येते. राखून ठेवलेले मत पुरवणी अहवालाने द्यायचे असते. ते मागायला कोणी आले नाही म्हणून कायमचे राहून गेलेली प्रकरणे थोडी नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२२ पासूनच्या सुधारणेने एमएलसी पोलिसांकडे देण्यास पंधरा दिवसांची मुदत घातली आहे, तीत पहिला अहवाल तरी जायलाच हवा.

दारू. ‘श्वासाला दारूसारखा वास’ हे निरीक्षण आहे, ‘दारूच्या अंमलाखाली’ हे मत आहे. १९७१ साली महाराष्ट्रातल्या एका मोटार अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून दारू प्यायल्याचे सिद्ध होत नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाची चाल आणि बोलणेही तसेच होते. त्यामुळे रक्ताचा नमुना घ्यावा. घेताना त्वचा स्पिरिटने पुसू नये आणि कुपीत सोडियम फ्लोराइड असावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडली की नाही हे प्रयोगशाळा सांगते.

अपंगत्वाची टक्केवारी दुखापत प्रमाणपत्रात लिहू नये. ती उपचार संपल्यावर, वेगळ्या प्रमाणपत्रात येते, आणि तिथेही पायाची टक्केवारी व सबंध शरीराची टक्केवारी वेगळी सांगावी लागते. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की एखाद्या अवयवाचे अपंगत्व म्हणजे तेवढीच कमाईची हानी नव्हे. कमाईचा हिशेब न्यायाधिकरणाने जखमीच्या व्यवसायावरून करायचा असतो.

दुरुस्त्या आणि साक्ष. चुकलेला शब्द एका रेघेने खोडून शेजारी सही व वेळ घालावी. खाडाखोड किंवा पांढरी शाई नको. प्रकरण वडगाव मावळच्या न्यायालयात उभे राहीपर्यंत ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयातला तो वैद्यकीय अधिकारी बहुधा बदलून गेलेला असतो. समन्सवर तो आला तरी त्याला त्या रात्रीचा रुग्ण आठवत नाही आणि तो हातातला कागद पाहूनच साक्ष देतो. तो येऊच शकला नाही, तर त्याचे अक्षर व सही ओळखणारा सहकारी कागद सिद्ध करतो, पण त्याला लिहिलेल्यापलीकडे एक शब्दही जोडता येत नाही.