टीएलएस हँडशेक

टीएलएस हँडशेक म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात एचटीटीपीएस संपर्क सुरू होताना होणारी प्राथमिक संदेशांची देवाणघेवाण. या टप्प्यात पूर्वी कधीही संपर्कात न आलेले दोन संगणक सर्वांना दिसू शकणाऱ्या मार्गावरून बोलत एक सामाईक गुप्त किल्ली ठरवतात. पुढील सर्व मजकूर त्या किल्लीच्या आधारे कूटबद्ध केला जातो. टीएलएसची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाली. या लेखातील वर्णन त्या आवृत्तीचे आहे.

== किल्लीची निर्मिती ==

किल्ली ठरवण्याच्या या पद्धतीचा पाया व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आहे. या पद्धतीत किल्ली कधीच पाठवली जात नाही. दोन्ही पक्ष ती आपापल्या जागी गणिताने काढतात.

लहान संख्या घेऊन हे पाहता येते. २९ ही मूळ संख्या आणि २ हा पाया जाहीर आहेत असे समजू. ब्राउझर ५ ही, तर सर्व्हर १२ ही संख्या मनाशी गुप्त ठेवतो. प्रत्येक जण २ चा तितकावा घात करून त्याला २९ ने भागतो आणि उरलेली बाकी दुसऱ्याला पाठवतो. मिळालेल्या बाकीवर तो पुन्हा स्वतःची गुप्त संख्या वापरतो.

```
ब्राउझर पाठवतो : 2^5  mod 29 = 3
सर्व्हर पाठवतो : 2^12 mod 29 = 7
ब्राउझर काढतो  : 7^5  mod 29 = 16
सर्व्हर काढतो  : 3^12 mod 29 = 16
```

दोघांकडे १६ हीच संख्या येते. मार्गावर ऐकणाऱ्याला २९, २, ३ आणि ७ एवढेच कळते. या उदाहरणात तो सर्व २८ घात तपासून उत्तर काढू शकेल. प्रत्यक्षात मात्र बहुधा एक्स२५५१९ ही वक्राधारित पद्धत वापरतात. तिच्यात गुप्त संख्या २५६ बिटांत साठवली जाते, आणि सर्व शक्यता तपासणे कोणत्याही उपलब्ध संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे.

== मध्यस्थाचा धोका ==

वरील पद्धत केवळ ऐकणाऱ्याला रोखते. संदेश बदलणाऱ्याला नाही. मार्गावरील मध्यस्थाने स्वतःची ३ ही गुप्त संख्या घेऊन दोन्ही बाजूंना ८ ही बाकी पाठवली, तर ब्राउझरकडे २७ आणि सर्व्हरकडे २४ ही किल्ली तयार होते. मध्यस्थाला दोन्ही किल्ल्या काढता येतात. तो एकीकडून आलेला मजकूर उलगडून, वाचून, पुन्हा कूटबद्ध करून पुढे पाठवू शकतो. म्हणून समोरचा पक्ष कोण आहे हे सिद्ध होणे आवश्यक ठरते.

== ओळख पटवणे ==

`mr.wikipedia.org` उघडताना ब्राउझर पहिल्याच संदेशात आपली बाकी, त्याला येणाऱ्या कूटपद्धतींची यादी आणि संकेतस्थळाचे नाव पाठवतो. सर्व्हर आपली बाकी परत पाठवतो. येथे किल्ली तयार होते आणि त्यानंतरचे हँडशेकचे संदेशही कूटबद्ध असतात.

मग सर्व्हर प्रमाणपत्र देतो. त्यात संकेतस्थळाचे नाव, मुदत, सर्व्हरची सार्वजनिक किल्ली आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असते. प्रमाणपत्र सर्वांसाठी खुले असल्याने त्याची नक्कल कोणीही दाखवू शकतो. त्यामुळे सर्व्हरला तोवर झालेल्या सर्व संदेशांच्या सारांशावर आपल्या खासगी किल्लीने स्वाक्षरी करावी लागते. मध्यस्थाने बाकी बदलली असेल, तर दोन्हीकडचे सारांश वेगळे पडतात, स्वाक्षरी जुळत नाही आणि संपर्क तुटतो. प्रमाणपत्र अनोळखी संस्थेचे असल्यास क्रोम ब्राउझर `NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID` अशी सूचना दाखवतो.

== डिजिनोटार प्रकरण ==

ही साखळी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या विश्वासार्हतेवर उभी आहे. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेच्या संगणकांत घुसखोरी झाली आणि गूगलच्या नावाने बनावट प्रमाणपत्र तयार केले गेले. ते इराणमधील वापरकर्त्यांविरुद्ध वापरले गेले. स्वाक्षरी मान्यताप्राप्त संस्थेची असल्याने बहुतेक ब्राउझरांना त्यात काहीच वावगे दिसले नाही. क्रोममध्ये गूगलसाठी चालणाऱ्या किल्ल्यांची यादी आधीच नोंदलेली होती. त्यामुळे तेथील एका वापरकर्त्याला इशारा दिसला आणि ऑगस्टअखेर प्रकार उघड झाला. ब्राउझर निर्मात्यांनी डिजिनोटारवरील विश्वास काढून घेतला आणि सप्टेंबर २०११ मध्ये संस्था दिवाळखोर ठरली.

== मर्यादा ==

पहिल्या संदेशातील संकेतस्थळाचे नाव सहसा उघड असते. त्यामुळे इंटरनेट सेवा पुरवणाऱ्याला वापरकर्ता कोणत्या संकेतस्थळावर गेला हे कळू शकते. कोणते पान वाचले हे मात्र दिसत नाही. तसेच संपर्क प्रमाणपत्रातील नावाच्या सर्व्हरशीच झाला, एवढीच खात्री एचटीटीपीएस देते. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेतलेल्या फसव्या संकेतस्थळालाही स्वतःच्या नावाचे वैध प्रमाणपत्र मिळू शकते.