युमेलॅनिन आणि फिओमेलॅनिन

युमेलॅनिन आणि फिओमेलॅनिन ही मेलॅनिन या रंगद्रव्याची दोन रूपे असून माणसाच्या त्वचेचा, केसांचा व डोळ्यांचा रंग प्रामुख्याने त्यांच्यावर अवलंबून असतो. युमेलॅनिन काळे ते तपकिरी असते, तर फिओमेलॅनिन पिवळसर ते तांबूस असते. काळ्या माणसात पहिले व गोऱ्या माणसात दुसरे असते, असा सरसकट समज आढळतो. मात्र तो बरोबर नाही. ही दोन्ही द्रव्ये बहुतेक सर्व माणसांत असतात. केसांच्या बाबतीत त्यांचे परस्पर प्रमाण महत्त्वाचे ठरते, त्वचेच्या बाबतीत एकूण साठा व त्याची मांडणी, आणि डोळ्यांच्या बाबतीत साठ्याबरोबरच प्रकाशाचे विखुरणे.

निर्मिती

दोन्ही रंगद्रव्ये मेलॅनोसाइट नावाच्या पेशींत, मेलॅनोसोम या सूक्ष्म पिशव्यांमध्ये तयार होतात. सुरुवात दोघांचीही एकच आहे. टायरोसिन या अमिनो आम्लावर टायरोसिनेज हे विकर क्रिया करते आणि डोपाक्विनोन हा अत्यंत क्रियाशील पदार्थ तयार होतो. येथून वाटा फुटतात. जवळपास सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असेल, तर डोपाक्विनोन त्याच्याशी तत्काळ संयोग पावते व पुढील पायऱ्यांनी फिओमेलॅनिन बनते. सिस्टीन नसेल, तर डोपाक्विनोनचे रेणू स्वतःमध्येच वळण घेऊन वलय तयार करतात आणि त्यांच्या साखळ्यांतून युमेलॅनिन बनते. फिओमेलॅनिनमध्ये गंधक असते व युमेलॅनिनमध्ये नसते, याचे कारण हेच.

सिस्टीनशी होणारी क्रिया इतकी वेगवान असते की सिस्टीन शिल्लक असेपर्यंत युमेलॅनिन फारसे बनतच नाही. त्यामुळे पिशवीत आधी फिओमेलॅनिन साचते आणि सिस्टीन संपले की त्यावर युमेलॅनिनचा थर चढतो. अशा कणाचा गाभा तांबूस व कवच काळे असते. टायरोसिनेज जोमाने काम करत असेल तर सिस्टीन लवकर संपते आणि कवच जाड होते. ते मंद असेल तर क्रिया गाभ्यापाशीच रेंगाळते. म्हणजे रंग कोणता येणार, हे बऱ्याच अंशी या एका विकराच्या वेगावर ठरते. पिशवीतील आम्लता वाढली की त्याचा वेग कमी होतो. म्हणून आम्लता सांभाळणारी जनुकेही रंगावर परिणाम करतात.

एमसी१आर ग्राही

विकराचा वेग वाढवण्याचा मुख्य आदेश पेशीच्या पृष्ठभागावरील एमसी१आर या ग्राहीमार्फत येतो. अल्फा-एमएसएच हे संप्रेरक या ग्राहीला चिकटले की पेशीत संदेशांची साखळी सुरू होते, टायरोसिनेज वाढते आणि पेशी युमेलॅनिनकडे वळते. अगूती नावाचे प्रथिन याच्या उलट काम करते. ते ग्राही अडवून धरते आणि पेशीला फिओमेलॅनिनकडे परत नेते. रानउंदराचा एक केस भिंगाखाली पाहिल्यास हा खेळ सरळ दिसतो. केसाचे टोक काळे असते, त्याखाली पिवळा पट्टा असतो आणि पुन्हा काळा भाग येतो. केस वाढत असताना मध्ये काही दिवस अगूतीचा अंमल चालल्याची ती नोंद होय.

केसांचा रंग

काळ्या व तपकिरी केसांत मुख्यत्वे युमेलॅनिन असते. सोनेरी केसही फिओमेलॅनिनमुळेच पिवळे दिसतात असे वाटणे साहजिक आहे, पण त्यांतही बहुतांश युमेलॅनिनच असते, फक्त अगदी थोडे. फिओमेलॅनिनचे प्रमाण लक्षणीय असते ते लाल केसांतच.

लाल केसांची उकल हे या विषयातील सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. ब्रिटन व आयर्लंड येथे असे केस तुलनेने अधिक आढळतात. 1995 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी लाल केस व गोरी त्वचा असलेल्या व्यक्तींत एमसी१आर जनुकाचे बदललेले प्रकार वारंवार सापडतात असे दाखवले. बदललेला ग्राही संप्रेरकाचा संदेश नीट पोहोचवत नाही. टायरोसिनेज मंद राहते आणि पेशी फिओमेलॅनिन बनवत राहते. लाल केसांसाठी साधारणतः आई व वडील अशा दोघांकडून असा प्रकार मिळावा लागतो. म्हणून काळ्या केसांच्या आईवडिलांनाही लाल केसांचे मूल होऊ शकते. एकच प्रकार मिळालेल्या व्यक्तीत केस लाल नसले तरी अंगावर तपकिरी ठिपके येणे किंवा उन्हाने त्वचा चटकन भाजणे असा परिणाम दिसू शकतो.

हे जनुक म्हणजे लाल केसांचे एकमेव कारण नव्हे. दोन्ही प्रती बदललेल्या असूनही केस सोनेरी किंवा तपकिरी असलेल्या अनेक व्यक्ती मोठ्या पाहणीत आढळल्या. इतर जनुकेही निकालात हस्तक्षेप करतात. याची दुसरी बाजू 1998 मध्ये वर्णन केलेल्या एका दुर्मीळ विकारातून समोर आली. त्यात ग्राही ठीक असतो, पण अल्फा-एमएसएच ज्या मूळ प्रथिनापासून तयार होते तेच बनत नाही. अशा बालकांचे केस लाल होते. शिवाय अतिभूक, लठ्ठपणा व अधिवृक्क ग्रंथीची अकार्यक्षमता ही लक्षणेही होती. कुलूप शाबूत असून किल्लीच नसेल, तरी दार उघडत नाही.

तीव्र कुपोषणात मुलांचे काळे केस तांबूस व विरळ होतात. याचा अर्थ त्यांत फिओमेलॅनिन वाढले असा मात्र नाही. प्रथिनांच्या कमतरतेमुळे मेलॅनिनच एकूण कमी बनते आणि विरळ झालेले काळे रंगद्रव्य तांबूस दिसते. आहार सुधारल्यावर मुळाकडून पुन्हा काळा केस येतो. आहारात चढउतार होत राहिले तर एकाच केसावर फिकट व गडद पट्टे दिसतात. नुसत्या डोळ्यांनी पाहून केसात कोणते मेलॅनिन आहे हे ठरवता येत नाही, ते यामुळेच. प्रयोगशाळेत नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडने विघटित करतात. युमेलॅनिनपासून मिळणाऱ्या तुकड्यांत गंधक नसते व फिओमेलॅनिनपासून मिळणाऱ्यांत असते. ते वेगळे करून मोजले की दोघांचे प्रमाण कळते.

त्वचेचा रंग

गोऱ्या व काळ्या त्वचेत मेलॅनोसाइट पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्यांनी बनवलेल्या द्रव्याच्या प्रमाणात व मांडणीत. या पेशी आपल्या पिशव्या भोवतालच्या केराटिन पेशींना देतात. गडद त्वचेत पिशव्या मोठ्या, भरलेल्या व सुट्या पसरलेल्या असतात. फिकट त्वचेत त्या लहान असून पुंजक्यांनी राहतात व वर सरकताना लवकर नष्ट होतात.

अधिक आश्चर्याची बाब ही की बाह्यत्वचेतील मेलॅनिनचे रासायनिक पृथक्करण केल्यावर साधारण तीन-चतुर्थांश युमेलॅनिन व एक-चतुर्थांश फिओमेलॅनिन असे प्रमाण गोऱ्या व काळ्या त्वचेत जवळजवळ सारखेच आढळले. म्हणजे सर्वसाधारण गोरेपणा हा फिओमेलॅनिनच्या वाढीचा नव्हे, तर एकूण मेलॅनिनच्या कमतरतेचा परिणाम असतो. लाल केसांची माणसे हा अपवाद.

भारतीयांमधील वर्णभेद समजून घेताना हा मुद्दा उपयोगी पडतो. 2005 मध्ये झेब्रा माशाच्या फिकट जातीवरून एसएलसी२४ए५ हे जनुक हाती लागले. माणसात या जनुकाच्या प्रथिनातील 111 व्या स्थानी अ‍ॅलॅनिनऐवजी थ्रिओनिन आले की त्वचा फिकट होते. युरोपात हा प्रकार जवळजवळ सर्वांत असतो. भारतात तो काहींत असतो व काहींत नसतो, आणि त्याचे प्रमाण प्रदेश व समाज यांनुसार बदलते. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राचा सहभाग असलेल्या 2013 मधील अभ्यासातून भारतीय व युरोपीय लोकांतील हा प्रकार एकाच पूर्वजाकडून आलेला असल्याचे दिसले. एकाच घरात सख्खी भावंडे गोरी व सावळी असतात, यात नवल नाही. अशा अनेक जनुकांची वाटणी प्रत्येक अपत्यात निराळी होते.

युमेलॅनिन अतिनील किरण शोषून घेते व त्यांपासून निर्माण होणारे घातक पदार्थ निष्प्रभ करते. उन्हात त्वचेच्या पेशींतील डीएनएला इजा झाली की त्याच पेशी अल्फा-एमएसएच सोडतात. एमसी१आर जागा होतो आणि त्वचा रापते. लाल केसांच्या व्यक्तीत हा ग्राहीच दुबळा असल्यामुळे त्वचा रापत नाही, भाजते. शिवाय फिओमेलॅनिन उन्हात स्वतःच अपायकारक ऑक्सिजनयुक्त रेणू निर्माण करू शकते. 2012 च्या एका प्रयोगात त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगाची प्रवृत्ती घातलेल्या लाल उंदरांना अतिनील किरण न देताही तो रोग अधिक झाला, तर तशीच प्रवृत्ती असलेल्या पांढऱ्या, रंगद्रव्यहीन उंदरांना तो तेवढा झाला नाही. अर्थात उंदरांवरील हा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

वर्णकहीनता व कोड यांची गल्लत होऊ नये. वर्णकहीनतेत पेशी असतात, पण टायरोसिनेजसारख्या घटकाच्या दोषामुळे मेलॅनिन बनत नाही किंवा फारच थोडे बनते. ती जन्मजात असते. कोडात त्या भागातील पेशीच नष्ट होतात. कोड संसर्गजन्य नाही.

डोळ्यांचा रंग

निळ्या डोळ्यात निळे रंगद्रव्य नसते. परितारिकेच्या मागच्या थरात सर्वांनाच गडद मेलॅनिन असते. वर्णकहीनता हा अपवाद. रंग ठरतो तो पुढच्या थरातील मेलॅनिनवर. ते भरपूर असल्यास डोळा काळा-तपकिरी दिसतो. ते अत्यल्प असल्यास त्या थरातील तंतू आखूड लहरींचा प्रकाश अधिक विखुरतात आणि डोळा निळा दिसतो. आकाश निळे दिसण्याशी याचे जवळचे नाते आहे. या दोन टोकांच्या मध्ये, थोड्या मेलॅनिनची पिवळसर-तपकिरी छटा व विखुरलेला निळा प्रकाश यांच्या मिश्रणातून हिरवे डोळे आणि मराठीत ज्यांना घारे म्हणतात तसे डोळे दिसतात.

निळ्या डोळ्यांशी सर्वाधिक निगडित बदल 2008 मध्ये पंधराव्या गुणसूत्रावर निश्चित झाला. तो एचईआरसी२ या जनुकात असतो, पण त्याचा परिणाम शेजारच्या ओसीए२ वर होतो, कारण ओसीए२ चे काम चालू-मंद करणारा भाग तेथे आहे. तपकिरी प्रभावी व निळा अप्रभावी, हा शालेय पुस्तकांतील नियम सोयीचा असला तरी अपुरा आहे. निळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना क्वचित तपकिरी डोळ्यांचे मूल होऊ शकते, आणि केवळ त्यावरून पितृत्वाविषयी शंका घेणे चुकीचे ठरते.

प्रौढपणी डोळ्याचा रंग सहसा स्थिर राहतो. काचबिंदूवर वापरले जाणारे लॅटानोप्रॉस्टचे थेंब हा याला एक परिचित अपवाद आहे. या औषधाने पेशींची संख्या वाढत नाही, परंतु परितारिकेतील पेशी अधिक मेलॅनिन बनवू लागतात. विशेषतः हिरवट-तपकिरी किंवा घारा डोळा काही महिन्यांत गडद होतो व औषध थांबवल्यावरही तसाच राहतो. औषध एकाच डोळ्यात घातले जात असल्यास दोन डोळ्यांच्या रंगांत फरक दिसू लागतो, म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाला याची कल्पना दिली जाते.