फरकांचा फरक: वीक ॲसिडच्या टायट्रेशनमधला इक्विव्हलन्स पॉइंट शोधायची पद्धत कुठून आली?

गुलमंडीच्या बाजारात मिळणारा जांभळाचा सिरका टायट्रेट करायचा, तर पहिली अडचण रंगाची येते. सिरका मुळातच गडद. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग शोधणार कसा? वर जांभळातलं रंगद्रव्य स्वतःच pH प्रमाणे रंग बदलतं. म्हणून इथे इंडिकेटर बाजूला ठेवून इलेक्ट्रोड बुडवावा लागतो, आणि मग प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ते दोन ओळखीचे आलेख येतात: पहिल्या डेरिव्हेटिव्हचा आणि दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा. हे आलेख काढतो सगळेच, पण ते का काढायचे हे त्यांचा इतिहास पाहिला की नीट कळतं.

१८९३ साली लाइपझिगमध्ये, ओस्टवाल्ड यांच्या प्रयोगशाळेत, रॉबर्ट बेहरेंड यांनी पाऱ्याचा इलेक्ट्रोड वापरून पहिलं पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन केलं. १८९७ मध्ये विल्हेल्म ब्योटगर यांनी हायड्रोजन इलेक्ट्रोड घेऊन हीच कल्पना आम्ल-अल्कलीला लावली. त्या काळी आलेख काढायचा आणि उडी कुठे आहे ते डोळ्यांनी ठरवायचं. तीव्र आम्लाला हे चालून जातं. सौम्य आम्लाच्या बाबतीत उडी लहान असते, आणि शेवट pH ७ वर येत नाही. ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल तितक्याच तीव्र NaOH ने टायट्रेट केलं, तर इक्विव्हलन्स पॉइंटचा pH साधारण ८.७ येतो. दोन्ही द्रावणं दहापट पातळ केली की तोच ८.२ होतो. म्हणजे 'अमुक pH आला की थांबा' असा एकच आकडा सगळीकडे चालत नाही. शिवाय इलेक्ट्रोडचं कॅलिब्रेशन थोडं सरकलेलं असेल, तर तो आकडाही फसवतो.

यातून सुटायचा मार्ग साधा आहे: pH किती आहे ते विचारायचं नाही, pH किती वेगाने बदलतोय ते विचारायचं. सगळी वाचनं ०.१ ने वर सरकली, तरी शेजारच्या दोन वाचनांमधला फरक तोच राहतो. १९१९ मध्ये हॉस्टेटर आणि रॉबर्ट्स यांनी लोहाच्या टायट्रेशनवरच्या लेखात हा फरकांचा मार्ग वापरला. पुढे १९२६ मध्ये कोल्टहॉफ आणि फर्मन यांचं पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशनवरचं पुस्तक आलं. १९३० च्या दशकात आर्नोल्ड बेकमन यांनी पहिला pH मीटर बनवला, तोही लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याच्या गरजेतून. म्हणजे फळाच्या आंबट रसापुढे इंडिकेटर थकतो, हा आपल्या सिरक्याचा प्रश्न जुनाच आहे.

आता प्रत्यक्ष करून बघू. समजा, १५ मिली सिरका १०० मिलीपर्यंत पातळ केला, त्यातला २५ मिली घेतला आणि ०.१ मोलर NaOH ने टायट्रेट केला. खरा इक्विव्हलन्स पॉइंट २४.८७ मिली आहे असं धरून, सगळं आम्ल ॲसेटिक समजून (pKa ४.७६), मी pH गणिताने काढले आहेत. उत्तर आधीच माहीत असलं की पद्धत किती खरी बोलते ते तपासता येतं.

| NaOH, मिली | pH | ΔpH/ΔV | मधला बिंदू, मिली |
|---|---|---|---|
| २४.४० | ६.४८ | | |
| २४.६० | ६.७२ | १.२० | २४.५० |
| २४.८० | ७.३१ | २.९५ | २४.७० |
| २५.०० | १०.४२ | १५.५५ | २४.९० |
| २५.२० | १०.८२ | २.०० | २५.१० |

फरकाला ०.२० ने भागलं की पहिला डेरिव्हेटिव्ह मिळतो. तो मांडायचा दोन वाचनांच्या मध्यावर. पुष्कळ जण तो दुसऱ्या वाचनासमोर मांडतात आणि अख्खा आलेख ०.१ मिलीने सरकवून बसतात. इथे शिखर २४.९० वर दिसतं. पण शिखर खरोखर तिथेच आहे, की २४.८० ते २५.०० मध्ये आणखी कुठे, हे एका उंच बिंदूवरून सांगता येत नाही.

म्हणून दुसरा डेरिव्हेटिव्ह. शिखरावर चढ वाढायचा थांबतो, म्हणजे चढाच्या बदलाची किंमत शून्य होते. शिखर शोधण्यापेक्षा शून्य ओलांडणं शोधणं सोपं. २४.८० ला (१५.५५ − २.९५) ÷ ०.२० = ६३.०. २५.०० ला (२.०० − १५.५५) ÷ ०.२० = −६७.७५. चिन्ह बदललं, म्हणजे शून्य मधेच आहे. सरळ रेषा धरली तर:

२४.८० + ०.२० × ६३.० ÷ (६३.० + ६७.७५) = २४.९० मिली

आलेखाचा कागदही लागला नाही. हातात कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात या पद्धतीची ही मोठी सोय होती.

पण उत्तर २४.९० आलं आणि खरं २४.८७ आहे. चूक ब्युरेटची नाही, मीटरची नाही. शून्याजवळ दुसरा डेरिव्हेटिव्ह सरळ रेषेत जातो हे आपण गृहीत धरलं, आणि ०.२ मिलीच्या पायरीवर ते खरं नसतं. तेच गणित ०.१ मिलीच्या पायरीने केलं (२४.७० ला ६.९२, २४.९० ला ९.७८), तर २४.८५ येतं. म्हणजे दोन दशांश छापून आले तरी खात्री पायरीच्या काही दशांश भागाइतकीच. सिरक्यात या ०.०३ मिलीने आम्लता ३.९८ टक्क्यांऐवजी ३.९९ दिसेल, त्याने काही बिघडत नाही. पण NaOH प्रमाणित करताना हीच ०.१२ टक्क्यांची चूक पुढच्या प्रत्येक निकालात शिरते.

मग पायरी आणखी लहान करावी का? तिथे मीटर आडवा येतो. मीटर ०.०१ पर्यंतच वाचतो. पायरी ०.०२ मिली केली, की दुसऱ्या डेरिव्हेटिव्हसाठी ०.०००४ ने भागावं लागतं, आणि ०.०१ चा एक ठोका २५ एककांची खोटी उसळी देतो. शून्य एकदा नाही, अनेक वेळा ओलांडलं जातं. असं दिसलं की समजायचं, आलेख आता आम्लाबद्दल नाही, मीटरबद्दल बोलतोय. शिवाय शेवटाजवळ द्रावणाची बफर क्षमता संपलेली असते, त्यामुळे वाचन स्थिर व्हायला वेळ लागतो. घाईने घेतलेलं एक वाचनही असंच खोटं शिखर उभं करतं.

आणि पद्धतीची शेवटची हद्द आम्लाच्याच स्वभावात आहे. आम्ल जितकं सौम्य आणि पातळ, तितकं शिखर बुटकं. गणित करून पाहिलं तर आम्लाची तीव्रता C आणि Ka यांचा गुणाकार 27·Kw पेक्षा कमी झाला, की वक्रावर वळणाचा बिंदूच उरत नाही. मग डेरिव्हेटिव्ह कितीही वेळा घ्या, शोधायला काही नसतं. त्या हद्दीच्या अलीकडेही शिखर इतकं पसरट होतं की त्यावर विश्वास ठेवणं अवघड जातं.

स्वीडनच्या गुन्नार ग्रान यांनी १९५० च्या सुमारास याच अडचणीला वेगळं उत्तर दिलं: सर्वांत तीव्र चढ शोधू नका, शेवटाच्या आधीची शांत वाचनं वापरून सरळ रेषा काढा आणि ती शून्यापर्यंत वाढवा. डेरिव्हेटिव्हची पद्धत सगळा भार शेवटाजवळच्या तीन-चार वाचनांवर टाकते, तर ग्रानची पद्धत तो आधीच्या अनेक वाचनांवर वाटते. तुमचा आलेख नेमका शेवटाजवळच थरथरत असेल, तर ब्युरेट पुन्हा भरण्याआधी आहे तीच वाचनं त्या पद्धतीने मांडून पाहा.