‘कलर्ड’ म्हणजे नेमके कोण?

इंग्रजी उताऱ्यात ‘कलर्ड’ शब्द आला की विद्यार्थी बहुधा ‘कृष्णवर्णीय’ असे भाषांतर करतात. उतारा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अमेरिकेचा असेल तर ते बऱ्याच अंशी चालते. तेथे आगगाडीच्या डब्यावर किंवा पाण्याच्या नळावर ‘कलर्ड’ अशी पाटी असे, तेव्हा ती मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी असे. तोच अर्थ दक्षिण आफ्रिकेत नेला की मात्र वाक्य चक्क उलटे होते.

तिथले उदाहरण आपल्या जवळचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान केपटाऊनला जाऊन स्थायिक होऊ लागले. त्यांच्यापैकी काहींनी तिथल्या मलाय मुसलमान कुटुंबांत लग्ने केली. धर्म एक, मशीद एक. घरात कोण कुठल्या वंशाचा, हा प्रश्न रोजच्या व्यवहारात फारसा येत नसावा.

1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने तो प्रश्न कागदावर आणला. या कायद्याने माणसांचे तीन गट केले: गोरे, ‘नेटिव्ह’ म्हणजे मूळ आफ्रिकी, आणि कलर्ड. कलर्डची व्याख्या नकारात्मक होती. जो गोरा नाही आणि नेटिव्हही नाही, तो कलर्ड. म्हणजे अमेरिकेत ज्यांना प्रामुख्याने कलर्ड म्हणत, तेच आफ्रिकी इथे त्या शब्दाबाहेर राहिले. 1959 मध्ये कलर्डचे सात उपगट झाले. त्यांत केप कलर्ड, मलाय, ग्रिक्वा, चिनी आणि भारतीय हे होते. त्यामुळे कोकणी नवरा आणि मलाय बायको दोघेही कायद्याने कलर्ड, पण उपगट वेगळे.

हा फरक केवळ नावापुरता नव्हता. समूह क्षेत्र कायद्याखाली कोणी कुठे राहायचे, हे गटावरून ठरे. केपटाऊनमध्ये भारतीयांसाठी रायलँड्स हा भाग राखून ठेवला होता. कलर्डांच्या वस्त्या वेगळ्या. गट ठरवताना अधिकारी माणसाचे दिसणे आणि समाज त्याला काय मानतो, हे पाहत. एकाच घरातल्या भावंडांची नोंद वेगवेगळ्या गटांत होऊ शके. फेरवर्गीकरणासाठी अर्ज करता येई, पण त्यात पुन्हा शेजारीपाजारी काय म्हणतात तेच पाहिले जाई. (वंश ‘शास्त्रीय’ आहे म्हणणाऱ्या सरकारने शेवटी आधार घेतला तो गल्लीतल्या मताचा!)

ब्रिटनमध्ये 1950 च्या सुमारास हाच शब्द वेस्ट इंडीज, भारत आणि पाकिस्तानातून आलेल्या सगळ्यांना सरसकट लावला जाई. तिथला ‘कलर्ड’ म्हणजे केवळ गोरा नसलेला.

नोंदणी कायदा 1991 मध्ये रद्द झाला. अमेरिकेत आज हा शब्द अपमानास्पद मानतात, तरी 1909 च्या एका नागरी हक्क संघटनेच्या नावात तो अजून आहे. दक्षिण आफ्रिकेच्या जनगणनेत ‘कलर्ड’ हा रकाना आजही आहे, आणि भारतीयांचा रकाना त्यापासून वेगळा आहे.